डॉलरमधला परतावा रुपयांत मोजताना

परदेशी शेअरचा रुपयांतला परतावा काढायचं सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं, आणि बहुतेकांचं एकाच जागी चुकतं: विनिमय दराच्या टक्केवारीत. मला अभ्यासात सगळ्यात जास्त छळलं ते यानेच, म्हणून इथे जरा रेंगाळते.

समजा, डॉलर 80 रुपयांना असताना अमेरिकेतला एक शेअर 200 डॉलरला घेतला. गेले 16,000 रुपये. वर्षाने शेअर 180 डॉलरवर आला आणि डॉलर 84 रुपये झाला. लाभांश 4 डॉलरचा, पण तिथे 25% कर कापून हाती 3 डॉलर. म्हणजे 200 चे 183 झाले, डॉलरमध्ये 8.5% तोटा.

आता बातमी म्हणते, रुपया 4.76% घसरला. खरंच आहे ते. एका रुपयाला आधी 1/80 डॉलर मिळायचा, आता 1/84 मिळतो. पण हा आकडा सूत्रात घालायचा नाही! तुमच्याकडे आहेत डॉलर, आणि डॉलर रुपयांत 5% महागला. नेहमी तुमच्या हातातल्या चलनाचा भाव बघा. इथे फरक बारीक वाटतो, पण 2013 आठवा. मेच्या सुरुवातीला 54 च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेरीस 68 च्या वर गेला. डॉलर सुमारे 26% चढला, रुपया मात्र 21 टक्क्यांच्या आतबाहेर घसरला. एवढी तफावत परीक्षेतही खपत नाही.

पुढचं सोपं आहे, घाबरू नका.

```
(1 - 0.085) × (1 + 0.05) - 1 = -0.039
```

तोटा 3.9%. आमच्या क्लासमध्ये सरळ बेरीज करायला सांगायचे, 5 वजा 8.5, म्हणजे 3.5% तोटा. असले शॉर्टकट शिकवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. चलनाचा फायदा उरलेल्या 183 डॉलरवरच मिळतो. बेरीज तो बुडालेल्या 17 डॉलरवरही देऊन टाकते.

शंका आली की टक्केवारी सोडा आणि रोख रुपये मांडा. 180 गुणिले 84 म्हणजे 15,120. लाभांश मधेच 82 च्या दराने रुपयांत आणला असेल तर त्याचे 246, खात्यात डॉलरमध्येच ठेवला असेल तर 252. सूत्र दुसरी गोष्ट गृहीत धरतं, म्हणून पहिल्यात 6 रुपयांचा फरक पडतो.

परीक्षेबाहेर, स्वतःच्या पैशांचा हिशेब करताना मात्र स्क्रीनवरचा दर वापरू नका. बँक डॉलर देते महाग आणि परत घेते स्वस्त. समजा तुम्हाला 80.80 ने दिले आणि 83.20 ने घेतले. मग गेले 16,160, लाभांशासकट परत आले 15,226, आणि 3.9 चा तोटा 5.8 टक्क्यांवर गेला.