मध्यकांमधील फरकाचा बूटस्ट्रॅप अंतराल अहवालात देण्यापूर्वीची तयारी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत मोल्डिंग मशीनच्या दुरुस्तीची जुनी आणि नवी पद्धत यांची तुलना करायची असते, तेव्हा हाती बहुधा मेंटेनन्स रजिस्टरमधल्या मोजक्याच नोंदी असतात. बहुतेक दुरुस्त्या अर्ध्या-पाऊण तासात आटोपतात आणि एखादीच दुरुस्ती सुटा भाग न मिळाल्यामुळे चार तास खाते. अशा विषम आणि लहान नमुन्यासाठी सरासरीऐवजी मध्यक घ्यावा आणि फरकाचा विश्वास अंतराल बूटस्ट्रॅपने, म्हणजे हाती असलेल्या नोंदींतूनच पुन्हा पुन्हा निवड करून, काढावा, हा सल्ला योग्य आहे. मात्र तो अंतराल अहवालात लिहिण्याआधी काही गोष्टी तयार असाव्या लागतात. त्या एका उदाहरणाच्या आधारे पुढे मांडल्या आहेत. उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यांच्यावरचे गणित पूर्ण केलेले आहे.

जुन्या पद्धतीने झालेल्या नऊ दुरुस्त्यांना १८, २२, २५, ३१, ३८, ५२, ७०, ११५ आणि २४० मिनिटे लागली, तर नव्या पद्धतीने झालेल्या नऊ दुरुस्त्यांना १२, १४, १७, २०, २४, २९, ४१, ६६ आणि १५० मिनिटे लागली, असे धरू. मध्यक अनुक्रमे ३८ आणि २४ मिनिटे येतात, म्हणजे जुन्यातून नवे वजा केल्यास फरक १४ मिनिटांचा आहे. जुन्या पद्धतीची सरासरी सुमारे ६८ मिनिटे भरते आणि नऊपैकी सहा दुरुस्त्या त्या सरासरीच्या आतच संपलेल्या आहेत. मध्यक का निवडला, हे अहवालात एका वाक्यात सांगायला एवढे पुरेसे आहे. वजाबाकीची दिशाही तिथेच लिहून टाकावी, नाहीतर उणे चिन्हाचा अर्थ वाचणारा आपल्या मनाने लावतो.

सर्वांत आधी पाहायची गोष्ट संगणकात नसून रजिस्टरमध्ये असते. नऊ नोंदी म्हणजे खरोखर नऊ वेगळ्या घटना आहेत का, हे तपासावे. एकाच मशीनचा एकच बिघाड सकाळी तात्पुरता सावरला आणि दुपारी पुन्हा उद्भवला, तर त्या दोन ओळी एकाच घटनेच्या असतात. नऊच्या नऊ दुरुस्त्या तीनच मशीनवरच्या असतील, तर पुनर्निवड मशीनची करायला हवी, आणि तीन मशीनवर बूटस्ट्रॅप उभा राहत नाही. ही अडचण पुनर्निवडींची संख्या वाढवून सुटत नाही. वेळा सरसकट पाच-पाच मिनिटांत पूर्ण करून लिहिलेल्या असतील, तर तेही नोंदवून ठेवावे.

त्यानंतर पुनर्निवड कशी होणार, हे ठरवावे. इथे दोन गट स्वतंत्र आहेत, म्हणून जुन्या नऊमधून परत ठेवत-ठेवत नऊ नोंदी निवडायच्या, नव्या नऊमधून तशाच नऊ निवडायच्या आणि प्रत्येक वेळी दोन मध्यकांची वजाबाकी करायची. अठरा नोंदी एकत्र करून त्यांतून निवड केली, तर ती फरक शून्य मानून केलेली चाचणी ठरते, आणि तिच्यातून निघणारा पल्ला फरकाचा विश्वास अंतराल नसतो. त्याच मशीनवर आधी जुनी आणि मग नवी पद्धत वापरली असेल, तर जोड्यांचीच पुनर्निवड करावी लागते.

आता मुख्य मुद्दा, आणि माझ्या मते याच ठिकाणी सर्वाधिक सावधगिरी हवी. नऊ नोंदींच्या नमुन्यातून कितीही वेळा पुनर्निवड केली, तरी मध्यक म्हणून त्या नऊ आकड्यांपैकीच एखादा आकडा निघतो. म्हणून फरकाच्या किमती फार तर ८१ असू शकतात. बूटस्ट्रॅप वितरण ही सलग वक्ररेषा नसून काही उंच आणि काही ठेंगण्या खांबांची रांग असते. आपल्या उदाहरणात जवळजवळ दहा टक्के वजन एकट्या १४ या किमतीवर आहे. अंतरालाची टोके या खांबांवरच पडतात, त्यामुळे ती हळूहळू सरकत नाहीत, एका खांबावरून दुसऱ्यावर उडी घेतात. उदाहरणात फरक ८६ किंवा त्याहून जास्त निघण्याची शक्यता २.६ टक्के आहे, आणि त्याखालची किंमत थेट ७४ आहे. वरच्या बाजूला अडीच टक्के सोडायचे असल्यामुळे टोक ८६ वर पडते, पण जेमतेमच. दोन हजार पुनर्निवडी घेऊन काम भागवले, तर तीनपैकी एकाहून थोड्या अधिक वेळा वरचे टोक ७४ दिसेल, आणि खालचे टोक दहापैकी सुमारे तीन वेळा उणे १६ ऐवजी उणे १९ दिसेल. पुनर्निवडी दहा हजार केल्या तरी वरच्या टोकाचा हा डळमळीतपणा चारपैकी जवळजवळ एकदा उरतोच. एकच सीड, म्हणजे यादृच्छिक निवडीचा एकच प्रारंभ-आकडा, वापरून आलेला आकडा बिनदिक्कत छापला, तर बारा मिनिटांचा फरक निव्वळ योगायोगाने अहवालात शिरतो.

सुदैवाने इथे योगायोगाची गरजच नाही. नोंदींची संख्या विषम असेल, तर पुनर्निवडीचा मध्यक क्रमाने लावलेल्या कितव्या नोंदीवर पडेल, याची शक्यता द्विपद वितरणातून अचूक काढता येते. आर प्रणालीत एवढ्या ओळी पुरतात:

```r
a <- c(18,22,25,31,38,52,70,115,240)
b <- c(12,14,17,20,24,29,41,66,150)
pm <- function(n) diff(pbinom((n-1)/2, n, (0:n)/n, lower.tail=FALSE))
d <- outer(a, b, "-")
w <- outer(pm(9), pm(9))
o <- order(d)
cw <- cumsum(w[o])
d[o][c(which(cw >= .025)[1], which(cw >= .975)[1])]
```

उत्तर उणे १६ ते ८६ मिनिटे असे येते, आणि ते कोणीही, कधीही चालवले तरी तेच येते. नोंदी चढत्या क्रमाने लावलेल्या असणे मात्र आवश्यक आहे. नोंदींची संख्या सम असेल, तर मध्यक दोन मधल्या नोंदींची सरासरी असतो आणि हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. तेव्हा किमान एक लाख पुनर्निवडी घ्याव्यात, तीन-चार वेगळ्या सीडवर टोके जुळतात का ते पाहावे आणि जुळत नसतील तर तसे लिहावे.

अंतरालाचा प्रकार आकडे पाहण्याआधी ठरलेला असावा. वर काढलेला अंतराल शतमक पद्धतीचा, म्हणजे बूटस्ट्रॅप वितरणाच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच टक्के सोडून काढलेला आहे, आणि लहान नमुन्यातल्या मध्यकासाठी मी तोच सुचवेन. एकट्या गटापुरते पाहिले, तर नऊ नोंदींमध्ये ही पद्धत दुसऱ्या आणि आठव्या नोंदीवर येऊन थांबते, आणि दुसरी ते आठवी नोंद हा अंतराल कोणत्याही सलग वितरणात मध्यकाला ९६.१ टक्के वेळा सामावून घेतो, हे बूटस्ट्रॅपशिवायही सिद्ध होते. दोन मध्यकांच्या फरकाला अशी हमी नाही, म्हणून तिथे ‘सुमारे ९५ टक्के’ असेच म्हणावे. उलटवून काढलेला ‘बेसिक’ अंतराल याच आकड्यांवर उणे ५८ ते ४४ असा येतो. मूळ वितरणाची लांब शेपूट वरच्या बाजूला असताना हा अंतराल खालच्या बाजूला ताणला जातो, एवढ्यावरूनच त्याची अडचण ध्यानात यावी.

‘बीसीए’ अंतराल, म्हणजे शतमक टोकांत दोन दुरुस्त्या करून काढलेला अंतराल, विषम वितरणासाठी उत्तम, असे सरसकट सांगितले जाते. मध्यकाच्या बाबतीत ते पटत नाही. त्यातली एक दुरुस्ती जॅकनाइफवर, म्हणजे एकेक नोंद वगळून काढलेल्या मध्यकांवर अवलंबून असते. जुन्या गटातून एकेक नोंद वगळून पाहावी: नऊ वेळा वगळूनही ४५, ४१.५ आणि ३४.५ ही तीनच उत्तरे मिळतात. ११५ आणि २४० ची लांब शेपूट त्यांत कुठेच दिसत नाही, मग विषमता दुरुस्त कशी होणार? शिवाय दुसरी दुरुस्ती ‘मूळ फरकापेक्षा कमी’ किमती किती, यावर ठरते. ज्या दहा टक्के किमती नेमक्या १४ आहेत, त्या कुठे मोजायच्या यावर उत्तर बदलते.

आणखी एक गल्लत टाळावी. आरमधला `wilcox.test` हा आदेश `conf.int=TRUE` देऊन चालवला, की एक फरक आणि त्याचा अंतराल मिळतो, आणि तो मध्यकांमधील फरक म्हणून छापलेला अनेकदा दिसतो. प्रत्यक्षात तो ८१ जोड्यांमधल्या फरकांचा मध्यक असतो. आपल्या आकड्यांवर तो ११ मिनिटे येतो, १४ नव्हे. ती राशी चुकीची नाही, पण प्रश्न वेगळा आहे. एकाचा बिंदू-अंदाज आणि दुसऱ्याचा अंतराल एकाच ओळीत कधीही ठेवू नयेत.

अंतराल कोणत्या नोंदीवर लटकला आहे, हेही तपासून ठेवावे. उदाहरणात २४० च्या जागी ६०० घातले, तरी अंतराल तसूभरही बदलत नाही. पण ११५ च्या जागी ९० घातले, की वरचे टोक ८६ वरून ६१ वर येते. म्हणजे वरचे टोक एका दुरुस्तीच्या नोंदीतून आलेले आहे, आणि रजिस्टरमध्ये पुन्हा जाऊन पडताळायची नोंद सर्वांत मोठी नसून ही आठवी आहे. मशीन बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची वेळ कोणी लिहिली, जेवणाची सुटी त्यात धरली का, हे शिफ्टच्या सुपरवायझरला विचारून घ्यावे.

नमुना याहूनही लहान असेल, तर थांबण्याची रेषा आधीच आखलेली बरी. पाच नोंदींत सर्वांत लहान ते सर्वांत मोठी नोंद एवढा अंतराल घेतला, तरी एका गटाच्या मध्यकासाठी हमी ९३.७५ टक्क्यांचीच मिळते. म्हणून एखाद्या गटात सहाहून कमी नोंदी असतील, तर अंतराल देऊ नये, सगळे आकडे ठिपक्यांच्या आलेखात दाखवावेत.

प्रत्यक्ष अहवालातली ओळ अशी लिहिता येईल: ‘जुन्या पद्धतीचा मध्यक ३८ मिनिटे (९ दुरुस्त्या), नव्या पद्धतीचा २४ मिनिटे (९ दुरुस्त्या), मध्यकांमधील फरक, जुना वजा नवा, १४ मिनिटे, सुमारे ९५ टक्क्यांचा शतमक बूटस्ट्रॅप अंतराल उणे १६ ते ८६ मिनिटे, गटनिहाय पुनर्निवड, वितरण अचूक मोजलेले.’ त्यापुढे ‘फरक आढळला नाही’ असे जोडू नये. शून्य अंतरालात आहे हे खरे, पण तासाभराहून अधिक बचतही त्याच अंतरालात आहे. या नोंदी दोन्ही शक्यता नाकारत नाहीत, आणि अहवालात तेवढेच लिहावे. टोके उणे १६ आणि ८६ अशी पूर्ण मिनिटांतच द्यावीत आणि ओळीखाली अठराही नोंदी छापाव्यात, कारण एवढ्या लहान नमुन्यात त्यांना लागणारी जागा अंतरालापेक्षा फारशी जास्त नसते.