अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घेताना काउंटरवरच करायची तपासणी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची यादी घेऊन गेलात तर पिशवी भरते, पण पुस्तक जुनं निघालं की चूक परीक्षेत कळते. म्हणून यादीपेक्षा दोन-चार प्रश्न सोबत न्या.

सर्वांत जास्त वेळ राज्यघटनेच्या पुस्तकाला द्या, कारण शिळं होतं ते हेच. सेकंडहँड प्रत हातात आली की मुखपृष्ठावरचं वर्ष बघू नका, आत उघडा. लोकसभेची कमाल सदस्यसंख्या 552 दिली असेल, तर प्रत 104व्या घटनादुरुस्तीआधीची आहे. 2020 मध्ये अँग्लो-इंडियन नियुक्त्या बंद झाल्या आणि ती संख्या 550 झाली. केंद्रशासित प्रदेश सात लिहिले असतील तर जम्मू-काश्मीरची पुनर्रचनाही त्यात नाही. आज ते आठ आहेत. शेवटी कलम 330अ शोधा. लोकसभेतल्या महिला आरक्षणाचं हे कलम 2023 च्या 106व्या दुरुस्तीने आलं. नुसतं हेच नसेल तर प्रत घ्यायला हरकत नाही, ती दुरुस्ती समासात लिहून घ्या. तिन्ही चुकलं तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

मराठी माध्यमवाल्यांनी आणखी एक बघायचं. यूपीएससीची पूर्वपरीक्षा हिंदी-इंग्रजीत असते, मुख्य परीक्षा मात्र मराठीत लिहिता येते. पुस्तकात एखाद्या रिटचं, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाचं, नुसतं ‘प्राकर्षण’ हे मराठी नाव असेल आणि शेजारी ‘सर्शिओरारी’ हे इंग्रजी नसेल, तर पूर्वपरीक्षेत ओळखीचा रिटही अनोळखी वाटतो. एमपीएससीला ही अडचण नाही. तिथे प्रश्न मराठीतही असतात.

इतिहासाला जुनी आवृत्ती सहसा चालते. तिथे कस लावायचा तो स्पष्टीकरणाचा. मी ‘दख्खनचे दंगे’ उघडून बघतो. 1875, सुपे, सावकारांची कागदपत्रं जाळली, एवढ्यावरच थांबणारं पुस्तक उजळणीपुरतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, वर वाढीव शेतसारा आला, सावकाराने हात आखडता घेतला आणि 1879 चा कायदा त्यातून निघाला, ही साखळी ज्यात सापडते ते मुख्य पुस्तक ठरवा. एमपीएससीच्या अभ्यासक्रमात महाराष्ट्राचा विशेष संदर्भ आहे, त्यामुळे तिथे तर हे हवंच. (सुपे पुण्याच्याच जिल्ह्यात, तरी अर्ध्या पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं!)

चालू घडामोडींचं एकच मासिक धरा. 2024 चा जाडजूड वार्षिक अंक अभ्यासिकेत कुणाकडून तरी मिळतोच. त्यात नवे फौजदारी कायदे काढा: संसदेत मंजुरी डिसेंबर 2023 ची, अंमल 1 जुलै 2024 पासून. दोन्ही तारखा आणि कुठल्या जुन्या कायद्याच्या जागी कुठला आला हे नीट दिलं असेल, तरच त्या प्रकाशनाचं पुढचं मासिक लावा. नाहीतर रोजचं एक वर्तमानपत्र आणि स्वतःची वही.