३० एप्रिलपासून मागे मोजताना: लघुप्रबंधाचे वेळापत्रक

पदव्युत्तर वर्गात लघुप्रबंधाची मुदत जाहीर झाली की बहुतेक विद्यार्थी आजच्या तारखेपासून पुढे मोजू लागतात: जानेवारीत वाचन, फेब्रुवारीत सर्वेक्षण, मार्चमध्ये लेखन, एप्रिलमध्ये उरलेले सगळे. नागपुरात माझा लघुप्रबंध पूर्ण करताना आणि पुढे धाकट्या विद्यार्थ्यांची वेळापत्रके त्यांच्यासोबत बसून आखताना मला असे दिसले की हा ‘उरलेले सगळे’ नावाचा एप्रिलच सर्वांत अवघड असतो, कारण त्या महिन्यातले बरेचसे काम आपल्या हातात नसतेच. म्हणून मोजणी सादरीकरणाच्या तारखेपासून मागे यावी, आणि आपल्या लेखनाचे दिवस धरण्याआधी अहवाल दुसऱ्यांच्या ताब्यात असेल ते दिवस कॅलेंडरवर मांडावेत, असा माझा आग्रह असतो.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. विषय काटोल आणि नरखेड तालुक्यांतील संत्रा बागायतदारांची विक्रीव्यवस्था, पाच प्रकरणे, सुमारे शंभर पाने, ८० शेतकऱ्यांच्या मुलाखती. सादरीकरणाची तारीख ३० एप्रिल आणि आजची तारीख १ जानेवारी असे समजू.

३० एप्रिलच्या आधी बांधलेल्या प्रतींवर मार्गदर्शकांची आणि विभागप्रमुखांची सही लागते. दोघे एकाच दिवशी विभागात भेटतीलच असे नाही, म्हणून सह्यांसाठी २७ ते २९ एप्रिल ठेवावेत. त्याआधी बाइंडिंग. एरवी हे काम दोनतीन दिवसांत होते, पण एप्रिलच्या शेवटी बर्डीवरच्या दुकानांत सगळ्या महाविद्यालयांचे प्रबंध एकदमच येतात. त्यामुळे छपाई आणि बांधणी मिळून २१ ते २६ एप्रिल धरावेत. छपाईपूर्वी साधर्म्य तपासणी, म्हणजे आपला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याची तपासणी, होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्यावर कारवाई होत नाही, त्याहून अधिक, पण ४० टक्क्यांपर्यंत आढळले तर मजकूर सुधारून पुन्हा द्यावा लागतो. म्हणून तपासणी आणि सुधारणा यांना १५ ते २० एप्रिल हे दिवस हवेत. १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंतीची सुटी असते, तेव्हा स्वच्छ, अंतिम मजकूर १३ एप्रिलच्या संध्याकाळी तयार असला पाहिजे. इथे एक गोष्ट लक्षात येते. मुदत ३० एप्रिल असली तरी लेखकाची खरी मुदत १३ एप्रिल आहे.

याआधीचा टप्पा मार्गदर्शकांच्या वाचनाचा, आणि माझ्या मते संपूर्ण वेळापत्रक त्यावरच तोलले जाते. एप्रिलमध्ये प्राध्यापकांकडे परीक्षांची आणि मूल्यांकनाची कामे असतात. त्यामुळे वाचनाला लागणारा वेळ मनाने न ठरवता जानेवारीतच विचारून घ्यावा: “सर, २७ मार्चला पूर्ण मसुदा आपल्याकडे दिला, तर आपले शेरे मला कोणत्या तारखेपर्यंत मिळू शकतील?” उत्तर जे येईल ते कॅलेंडरवर लिहावे. त्यांनी दहा दिवस सांगितले असे धरू. मग ६ एप्रिलला शेरे हाती येतात आणि ७ ते १३ एप्रिल हा आठवडा दुरुस्त्यांना मिळतो. म्हणजे पूर्ण मसुद्याचा टप्पा २७ मार्च.

आता आपले स्वतःचे काम. पहिली तीन प्रकरणे, म्हणजे प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा आणि संशोधन पद्धती, मुलाखतींच्या माहितीवर अवलंबून नसल्यामुळे ती जानेवारीपासून सर्वेक्षणाच्या जोडीनेच लिहिता येतात; मागे मोजताना फक्त विश्लेषण आणि निष्कर्ष ही दोन प्रकरणे पाहावी लागतात. त्यांना १८ दिवस, म्हणजे १० ते २७ मार्च. त्याआधी कोष्टके आणि आलेख १ ते ९ मार्च, माहितीची नोंदणी २२ ते २८ फेब्रुवारी. मुलाखती दिवसाला पाच धरल्या तर ८० शेतकऱ्यांना १६ दिवस, आणि कोणी भेटले नाही, बस चुकली अशांसाठी आणखी चार. म्हणून २ ते २१ फेब्रुवारी. हा काळ सोयीचाही आहे, कारण मृग बहाराची तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये चालते आणि शेतकरी व व्यापारी दोघेही बागेतच भेटतात. पाचसहा शेतकऱ्यांवर प्रश्नावलीची पूर्वचाचणी आणि तीवरून दुरुस्ती २५ जानेवारी ते १ फेब्रुवारी, तर मार्गदर्शकांकडून प्रश्नावलीला मान्यता १७ ते २४ जानेवारी. कच्ची प्रश्नावली १६ जानेवारीला द्यायची तर आजपासून जेमतेम पंधरवडा उरतो.

सरकारी आकडेवारीची रेघ याच कॅलेंडरवर वेगळी ओढावी. तालुकानिहाय लागवड क्षेत्र कृषी विभागाच्या कार्यालयातून घ्यायचे असेल, तर मार्चअखेर टाळावी. आर्थिक वर्ष संपत असताना तिथे कोणाला वेळ नसतो. साध्या विनंतीवर आकडे मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो आणि त्याच्या उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. २० जानेवारीला अर्ज दिला तर उत्तर १९ फेब्रुवारीच्या आसपास अपेक्षित धरता येते. म्हणून साधे विनंतीपत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच गेले पाहिजे.

हे वेळापत्रक कागदावर बसते, पण मुलाखतींचे चार राखीव दिवस सोडले तर त्यात एकही मोकळा दिवस नाही, आणि असे वेळापत्रक पहिल्याच आजारपणात कोसळते. अशा वेळी विद्यार्थी सहसा मार्गदर्शकांच्या वाचनाचे किंवा बाइंडिंगचे दिवस कमी करतात. ते करू नये, कारण ते दिवस आपले नाहीत. कमी करायचे ते काम. मुलाखती ८० ऐवजी ६० घेण्यास मार्गदर्शकांची संमती मिळाली, तर १२ दिवस आणि तीन राखीव, एकूण १५ दिवस लागतात. सर्वेक्षण १६ फेब्रुवारीला संपते, नोंदणी २३ फेब्रुवारीला, कोष्टके ४ मार्चला आणि दोन प्रकरणे २२ मार्चला. २३ ते २७ मार्च हे पाच दिवस मोकळे होतात. ते प्रत्येक टप्प्यात एकेक वाटून टाकू नयेत. वाटलेला दिवस त्या टप्प्यातच नकळत संपतो. ते मसुदा देण्याच्या लगेच आधी एकत्र ठेवावेत, म्हणजे मागचा कोणताही उशीर त्यातून भरून काढता येतो.

टप्प्याचे नाव लिहिताना ‘वाचन पूर्ण’ किंवा ‘विश्लेषण सुरू’ असे लिहू नये, कारण ते झाले की नाही हे सांगता येत नाही. ‘प्रकरण दोन मार्गदर्शकांना दिले’, ‘६० प्रश्नावल्या संगणकावर नोंदवल्या’ असे लिहावे. उशीर ओळखण्याची सर्वांत चांगली जागा सर्वेक्षणाचे पहिले तीन दिवस आहेत. त्यात १५ मुलाखती व्हायला हव्यात. नऊच झाल्या तर वेग दिवसाला तीनचा आहे आणि ६० मुलाखतींना १५ ऐवजी २० दिवस लागणार. म्हणजे मसुद्याआधी ठेवलेले पाचही मोकळे दिवस फेब्रुवारीतच खर्ची पडतील. निर्णय चौथ्या दिवशीच घ्यावा: एकमेकांना लागून असलेली गावे निवडून प्रवास कमी करावा, आदल्या संध्याकाळी फोनवर वेळ ठरवून घ्यावी, प्रश्नावली लांब असेल तर जे प्रश्न कोणत्याही कोष्टकात जाणार नाहीत ते मार्गदर्शकांना विचारून गाळावेत. इतके करूनही वेग वाढला नाही तर नमुना ४५ वर आणण्याविषयी त्याच आठवड्यात मार्गदर्शकांशी बोलावे. नमुना का बदलला हे तिसऱ्या प्रकरणात दोन वाक्यांत प्रामाणिकपणे नोंदवता येते. एप्रिलमध्ये घाईने भरलेल्या कोष्टकांचे तसे स्पष्टीकरण देता येत नाही.

शेरे ६ एप्रिलऐवजी १० एप्रिलला आले, तर दुरुस्त्यांना तीनच दिवस मिळतात. तेव्हा क्रम असा ठेवावा: प्रथम कोष्टकांतल्या आकड्यांच्या चुका, मग निष्कर्ष त्या आकड्यांशी जुळतात का ते, त्यानंतर संदर्भांची मांडणी, आणि भाषेची सफाई सर्वांत शेवटी. साधर्म्य तपासणीचे सहा दिवस मात्र तसेच ठेवावेत.