व्हॉल्व्ह लीक आहे, पण बिघाड कुठं? मायट्रल गळतीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन जुने इको रिपोर्ट आले. एक खानापूर तालुक्यातल्या निवृत्त गुरुजींचा, वय 58. दुसरा निपाणीच्या एका अक्कांचा, वय 66, सगळी हयात विड्या वळण्यात गेलेली. दोन्ही रिपोर्टच्या शेवटी तेच शब्द होते : 'मॉडरेट एमआर', म्हणजे मायट्रल व्हॉल्व्हची मध्यम गळती. गुरुजींना 'गोळ्यांवर भागेल' असं सांगितलेलं. अक्कांचा मुलगा मात्र व्हॉल्व्हचे पडदे जोडणाऱ्या क्लिपचा खर्च विचारत कोल्हापूरपर्यंत जाऊन आला होता. खरं तर दोघांचे सल्ले उलटे व्हायला हवे होते.

पहिली चूक : गळती किती हे बघायचं आणि ती का होते हे सोडून द्यायचं

मायट्रल व्हॉल्व्ह हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला. त्याला दोन पडदे, आणि पडद्यांना ताणून धरणाऱ्या बारीक दोऱ्या. गुरुजींची मागच्या पडद्याची दोरी तुटली होती, त्यामुळे पडद्याचा मधला भाग प्रत्येक ठोक्याला वरच्या कप्प्यात उलटत होता. बिघाड व्हॉल्व्हचाच, म्हणून ही प्रायमरी गळती. अक्कांचे पडदे आणि दोऱ्या धडधाकट होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या हार्ट अटॅकनंतर खालचा कप्पा फुगला, दोऱ्या खाली ओढल्या गेल्या आणि पडदे एकमेकांना टेकेनासे झाले. ही सेकंडरी. दाराची फळी मोडली तर फळी दुरुस्त करायची, पण भिंत खचून चौकट फाकली असेल तर फळीवर रंधा मारून काय उपयोग?

गळती प्रायमरी की सेकंडरी, एवढं एक वाक्य रिपोर्टमध्ये नसेल तर इको करणाऱ्याला ते विचारून घ्या. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

दुसरी चूक : रंगाच्या झोतावरून ग्रेड ठरवायची

गुरुजींचा झोत सरळ वर जात नव्हता, वरच्या कप्प्याच्या भिंतीला घासत वळत होता. असा झोत भिंतीला चिकटून पसरतो आणि स्क्रीनवर रंग कमी दिसतो, म्हणून 'मॉडरेट' लिहिलं गेलं. मी गळतीच्या भोकाशी रक्त गोळा होताना जो अर्धगोल दिसतो तो मोजला. त्रिज्या 1 सेंटिमीटर, तिथला वेग सेकंदाला 40 सेंटिमीटर. अर्धगोलाचं क्षेत्रफळ 6.28, त्याला 40 ने गुणलं की सेकंदाला सुमारे 251 मिली. झोताचा सर्वाधिक वेग सेकंदाला 500 सेंटिमीटर, त्याने भागलं की भोक 0.50 चौरस सेंटिमीटर. दर ठोक्याला 75 मिली रक्त उलटं जात होतं. भोक 0.40 आणि उलटं रक्त 60 मिली यांच्यावर गेलं की गळती सिव्हिअर, त्यामुळे गुरुजी त्या रेषेच्या बरेच पुढे होते. उलट, पडदा ठोक्याच्या शेवटीच उलटत असेल तर हेच गणित गळती फुगवून दाखवतं. म्हणून एका आकड्यावर विसंबायचं नाही. आकडे आणि चित्र जुळत नसतील तर अन्ननलिकेतून इको करावा.

तिसरी चूक : 'पंपिंग 58 टक्के, म्हणजे छानच'

ही सगळ्यात घातक, कारण ती ऐकायला गोड लागते. पंपिंग म्हणजे खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं ते, मग ते पुढं जावो की उलटं. कप्प्यातलं रक्त महाधमनीकडे ढकलायला जोर लागतो, गळक्या व्हॉल्व्हमधून वर सोडायला फारसा लागत नाही. त्यामुळे थकलेलं हृदयही आकड्यात तगडं दिसतं. प्रायमरी सिव्हिअर गळतीत पंपिंग 60 किंवा त्याखाली गेलं, किंवा आकुंचनानंतरही खालच्या कप्प्याची रुंदी 40 मिलिमीटर किंवा जास्त राहिली, तर त्रास नसला तरी ऑपरेशनची वेळ आलेली असते. गुरुजींचं पंपिंग 58 आणि रुंदी 41. दोन वर्षांपूर्वी हेच आकडे 66 आणि 36 होते.

'मला कुठं काय त्रास हाय?' असं ते म्हणाले. बायकोनं हळूच सांगितलं, 'आता सायकल सोडून गाडीवर जातात की.'

या प्रकारात गोळ्यांनी तुटलेली दोरी जोडली जात नाही. रक्तदाब जास्त असेल तर त्याच्या गोळ्या घ्याव्यात, पण गळती रोखण्यासाठी त्यांच्या भरवशावर वर्षं घालवू नयेत. मागच्या पडद्याचा मधला भाग हा दुरुस्तीला सर्वात सोयीचा. म्हणून गुरुजींसाठी व्हॉल्व्ह बदलण्याआधी दुरुस्ती, आणि ती मायट्रल दुरुस्ती नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच. धातूचा व्हॉल्व्ह बसला की रक्त पातळ करणारी गोळी आणि तिची तपासणी जन्मभर, आणि खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावांतून दर महिन्याला ती करणं काय असतं हे तिथल्या माणसालाच विचारा. प्रायमरीत क्लिप लागते ती त्रास मोठा आहे पण ऑपरेशन झेपणार नाही अशा पेशंटला, तेही व्हॉल्व्हची रचना क्लिपजोगी असेल तर.

चौथी चूक : सेकंडरीत घाईनं क्लिप

आता अक्का. इको झाला तेव्हा पाय सुजलेले, बीपी 170. भोक 0.26, उलटं रक्त 34 मिली. प्रायमरीच्या मापानं ही गळती मध्यमच. पण खालच्या कप्प्यात रक्त 210 मिली आणि पंपिंग 32 टक्के, म्हणजे एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त 67 मिली. त्यातलं 34 उलटं, निम्म्याहून थोडं जास्तच! कमजोर हृदयात लहान आकडाही मोठा असतो. शिवाय सेकंडरीत भोक गोल नसून चंद्रकोरीसारखं असतं, त्यामुळे अर्धगोलाचं गणित ते कमी दाखवतं.

मग क्लिप? त्याआधी मी गोळ्यांची पिशवी उघडायला सांगितली. एक गोळी चक्कर येते म्हणून बंद, दुसरी पहिल्या दिवसाच्याच डोसवर, लघवीची गोळी 'गावाला जायचं असलं की नाही'. सेकंडरी गळतीचं मूळ कप्प्यात असल्यानं हार्ट फेल्युअरच्या गोळ्यांचे चारही प्रकार (सॅक्युबिट्रिल-वॅल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी) सोसतील त्या डोसपर्यंत न्यावे लागतात. किडनी आणि पोटॅशियम तपासत हे करायला महिने लागतात. ईसीजीत डाव्या बाजूचा ब्लॉक आणि रुंद लहर असेल तर खास पेसमेकरचा विचारही क्लिपआधी. अक्कांच्या ईसीजीत तसं काही नव्हतं. चार महिन्यांनी सूज उतरली, बीपी 118, भोक 0.14, उलटं रक्त 19 मिली. क्लिपचा विषयच संपला.

गळती तरीही सिव्हिअर राहिली असती, धाप गेली नसती, तर क्लिप योग्य ठरली असती. 2018 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या कोॲप्ट चाचणीत क्लिपनं मृत्यू आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झाल्या. त्याच वर्षी फ्रान्समधल्या मित्रा-एफआर चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. कोॲप्टचे पेशंट निवडक होते : गोळ्या पुरत्या चालू, पंपिंग 20 ते 50, आकुंचनानंतरची रुंदी 70 मिलिमीटरपर्यंत. फ्रान्सच्या पेशंटांचे कप्पे जास्त फुगलेले आणि गळती त्या मानानं लहान होती. या फरकाचं हे एक पटणारं स्पष्टीकरण आहे, शेवटचा शब्द नव्हे.

आणि एक, आपल्याकडची

लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं खराब झालेला व्हॉल्व्ह गळतोही आणि आखडतोही. क्लिप दोन पडदे मधोमध जोडते, एका दाराची दोन अरुंद दारं करते. आधीच आखडलेल्या व्हॉल्व्हवर ती लावली की गळती थांबेल आणि रक्ताची वाटच अडेल. अशा वेळी व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ आणि त्यातला दाबाचा फरक मोजल्याशिवाय क्लिपचं नाव काढू नये.

गुरुजींची दुरुस्ती झाली. महिन्यानं त्यांचा मुलगा घाबरून आला, 'डॉक्टर, पंपिंग 52 झालंय, ऑपरेशननं बिघडलं काय?' बिघडलं नव्हतं. वरची सोपी वाट बंद झाली आणि हृदयाची खरी ताकद आता आकड्यात दिसू लागली.