इअरबड्सची बॅटरी ५५ वरून थेट २० वर? आकडा चुकतोय की सेल थकलाय, हे असं ओळखा

गाणं ऐकताना बॅटरी ५५ टक्के दिसते, दहा मिनिटांनी पाहावं तर २०. केसमध्ये जरा ठेवून काढले की लगेच ८०. असं होऊ लागलं की बहुतेक जण नवीन जोडी बघायला लागतात. त्याआधी एक सुट्टीचा दिवस आणि एक कागद काढा. कारण दिसणारा आकडा हा अंदाज असतो, आणि तो घड्याळ लावून पडताळता येतो.

बडमधला लिथियम सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्ट देतो आणि ३ व्होल्टच्या आसपास आला की बड बंद होतो. पण हा उतार सरळ नसतो. ८० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत येताना व्होल्टेज जेमतेम ०.३ व्होल्टने उतरतं. म्हणजे मोजमापात ०.०५ व्होल्टची चूक झाली तरी आकडा दहा टक्क्यांनी हलतो. काही बड्समध्ये आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजणारी चिप असते. तिला मधूनमधून 'पूर्ण भरलं' आणि 'पूर्ण संपलं' ही दोन्ही टोकं दिसावी लागतात. आपण बड्स वापरले की लगेच केसमध्ये टाकतो. ७० वरून १००, पुन्हा ६० वरून १००, असंच चालू राहतं. खालचं टोक महिनोन् महिने येतच नाही आणि अंदाज भरकटतो.

आधी हे बघून घ्या

९० नंतर ८०, मग ७० असे दहादहाचे टप्पे दिसत असतील तर तो बिघाड नाही. बरेच बड्स फोनला ० ते ९ एवढाच आकडा कळवतात आणि फोन त्याचे टक्के करून दाखवतो. बड्सचं स्वतःचं ॲप असेल तर आकडा तिथे पाहा. डाव्या-उजव्याचा वेगळा आकडाही तिथेच मिळण्याची शक्यता जास्त असते.

मग केसमधल्या धातूच्या पिना आणि बडवरचे ठिपके उजेडात धरून पाहा. कानातला मळ आणि घाम सुकून तिथे पिवळट थर बसतो. तो असेल तर एक बड केसमध्ये असूनही भरत नाही आणि आपण सेलला दोष देत बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. टाचणीने खरवडू नका, वरचा मुलामा निघतो. शेवटी फोनच्या ब्लूटूथ यादीतून बड्स काढून पुन्हा जोडा आणि ॲपमध्ये अपडेट आला असेल तर तो करून घ्या.

पूर्ण फेरी कशी करायची

केस आणि दोन्ही बड्स रात्री पूर्ण चार्ज करा. एअरपॉड्समध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखून धरणारी सेटिंग असते, तशी काही असेल तर तेवढ्यापुरती बंद करा. सकाळी बड्स बाहेर काढून टेबलावर ठेवा. कानातून काढले की गाणं आपोआप थांबवणारी सेटिंगही बंद करा, नाहीतर तासाभराने बघाल तर बड्स झोपलेले असतील. नॉइज कॅन्सलेशन बंद, आवाज निम्म्यावर, आणि फोनवर लांबलचक प्लेलिस्ट. दर अर्ध्या तासाने दोन्ही बड्सचे टक्के कागदावर लिहा. बॅटरी कमी असल्याची सूचना वाजली तरी थांबू नका. कोणता बड किती वाजता आपण होऊन बंद पडला, ती वेळ लिहा. खरी माहिती ह्या वेळेतच आहे.

दोन्ही बंद पडले की पंधरा-वीस मिनिटं तसेच राहू द्या आणि मग केसमध्ये ठेवून केस चार्जरला लावा. रिकामे बड्स तसेच दिवस-दिवस ठेवू नका, सेल फार खोल उतरला तर पुन्हा चार्जच होत नाही. १०० दिसल्यावरही अर्धा-पाऊण तास काढू नका, मध्ये झाकण उघडून पाहूही नका. अशी दुसरी फेरी पुढच्या मोकळ्या दिवशी करा. दोन फेऱ्या पुरतात. दर आठवड्याला हे करत बसलात तर सेलची झीजच वाढवाल, कारण लिथियम सेलला तळापर्यंत उतरणं मानवत नाही. ज्या बड्समध्ये फक्त व्होल्टेज पाहून आकडा ठरतो, त्यांना ह्या फेऱ्यांनी फारसा फरकही पडत नाही.

कागद काय सांगतो

एक उदाहरण घेऊ. बड्सच्या खोक्यावर सहा तास लिहिलंय, वापर तीन वर्षांचा. सकाळी १० वाजता गाणी लावली. डावा बड हळूहळू उतरत गेला आणि दुपारी ३.२० ला बंद पडला, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. उजवा मात्र ११ वाजता ८०, ११.४० ला ५५, ११.५० ला २० आणि १२.१५ ला बंद. जेमतेम सव्वादोन तास.

दुसऱ्या फेरीत उजव्याचा आकडा उडी न मारता उतरला: १०० वरून तासाभरात ५५, पुढच्या तासाला १५, आणि बंद पडायला पुन्हा सव्वादोन तासच. म्हणजे आकडा ताळ्यावर आला, पण क्षमता तेवढीच राहिली. उजव्या बडचा सेल थकलाय, डाव्याचा चांगला आहे. कारण बहुधा सवयीत सापडतं: दिवसभर कॉल एकाच कानातल्या बडवर घेतले जातात, त्यामुळे त्या सेलच्या चार्जिंग-फेऱ्या दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होतात. असे छोटे सेल साधारण ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर क्षमतेचा ठळक हिस्सा गमावतात.

उजवाही पाच तास चालला असता आणि दुसऱ्या फेरीत उड्या थांबल्या असत्या, तर दोष फक्त अंदाजाचा होता असं समजून निवांत वापरत राहायचं. मूळ वेळेच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सहा तासांचे पावणेपाच, ही झीज वयाला साजेशी आहे. निम्म्याच्या खाली गेलं की कितीही फेऱ्या केल्या तरी उपयोग नाही.

थकलेल्या सेलची आणखी एक खूण सहज तपासता येते. तीसेक टक्के असताना नॉइज कॅन्सलेशन चालू करून आवाज वाढवा. आकडा पटकन खाली गेला आणि सगळं बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा वर आला, तर सेलचा आतला विरोध वाढलाय. जास्त वीज मागितली की त्याचं व्होल्टेज कोसळतं आणि चार्ज शिल्लक असतानाच बड बंद पडतो. थंडीत निरोगी सेलही असंच वागतो, म्हणून ही चाचणी खोलीच्या तापमानालाच करा.

वॉरंटी शिल्लक असेल तर हा वेळा लिहिलेला कागद सर्व्हिस सेंटरला दाखवा. 'बॅटरी लवकर संपते' ह्या तक्रारीपेक्षा 'डावा पाच तास वीस, उजवा सव्वादोन' हे ऐकून घेतलं जातं. वॉरंटी संपली असली तरी एकच बड बदलून मिळतो का ते विचारा, काही कंपन्या देतात. घरी बड उघडून सेल बदलायच्या फंदात मात्र पडू नका. बहुतेक बड्स गोंदाने चिकटवलेले असतात आणि उघडताना सेलला टोक लागलं तर तो पेट घेऊ शकतो.

बडची शिवण उकललेली दिसली, तो केसमध्ये नीट बसेनासा झाला किंवा चार्जिंगला चटका बसेल इतका तापला, तर वरच्या चाचण्या करूच नका. सेल फुगलेला असू शकतो. तो बड कानात घालू नका, चार्जिंगलाही लावू नका. घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, आणि नेईपर्यंत काचेच्या किंवा धातूच्या भांड्यात, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा.