सर्पदंशावर गावात बोलायचे आहे: एकाच भाषणाच्या दोन प्रती कशा कराव्यात

पावसाळा तोंडावर आला की आरोग्य कर्मचारी, सर्पमित्र, शिक्षक आणि कार्यकर्ते गावोगाव सर्पदंशावर बोलायला निघतात. एका गावात लोक आपणहून 108 ला फोन करतात. शेजारच्या गावात साप चावलेल्याला आधी मारुतीच्या देवळात नेतात, कडुनिंबाचा पाला चघळायला देऊन विष चढले का ते पाहतात आणि भगताला बोलावणे धाडतात. दोन्हीकडे एकच भाषण केले, तर पहिल्या गावाला ते शिळे वाटते आणि दुसऱ्या गावाला अपमान वाटतो. म्हणून भाषण एकच ठेवून त्याच्या दोन प्रती कराव्यात. कोणती वाचायची हे गावात पोचल्यावर ठरवावे.

आधी न बदलणारा भाग लिहा

सुरुवात दोन्ही प्रतींत शब्दशः सारख्या राहणाऱ्या मजकुराने करावी. तो थोडाच असतो. माणसाला चालवू नये. चावलेला हात किंवा पाय, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढावीत, कारण सूज आल्यावर ती रुततात. आवळून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, चोखू नये, काही खाऊ-पिऊ घालू नये. सापामागे धावू नये. आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात थेट न्यावे.

यातल्या दवाखान्याच्या नावाची जागा कोरी ठेवा आणि त्याच दिवशी सकाळी फोन करून ती हाताने भरा. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत आणि रात्री डॉक्टर असतात का, हे दोन प्रश्न पुरतात. विषबाधेची लक्षणे असतील तर सुरुवातीलाच साधारण 8 ते 10 कुप्या लागतात, त्यामुळे ‘दोन-तीन आहेत’ या उत्तरावर त्या केंद्राचे नाव घेऊ नये, पुढच्या ग्रामीण रुग्णालयाचे घ्यावे. तुमच्या सांगण्यावरून कुणी गेला आणि तिथे औषध नव्हते, तर त्या गावात पुढची काही वर्षे कोणतीही प्रत चालणार नाही.

प्रती बदलतात त्या क्रमात, पुराव्यात आणि मागणीत. तथ्ये बदलत नाहीत. दोन गावांचे पाहुणे एका लग्नात भेटतात आणि बोलतात, हे लिहिताना ध्यानात असू द्यावे.

अनुकूल गावाची प्रत

ही सोपी आहे. दवाखान्यात जायचे हे इथे पटवून द्यायचे नाही, जाईपर्यंत काय करायचे ते करून घ्यायचे आहे. बारा मिनिटांतली निम्मी हाताने करण्याला द्यावीत: एका मुलाला झोपवून दोन पट्ट्या आणि ओढणीने पाय बांधणे, बोट आत जाईल इतकी गाठ सैल आहे का हे दुसऱ्याने तपासणे. मोठे आकडे इथेच चालतात. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि त्यातले जवळपास निम्मे जून ते सप्टेंबरमधले, हे ऐकून अनुकूल श्रोता सावध होतो.

या प्रतीत एक सापळा आहे. सगळे आपलेच आहेत म्हणून वक्ता भगताची टिंगल करू लागतो. मागच्या रांगेत भगताची सून बसलेली असते. टिंगलीचे प्रत्येक वाक्य काढून टाकावे. त्यात माहिती कधीच नसते.

साशंक गावाची प्रत

इथे जास्त घाम गाळावा. ही प्रत पंधरा मिनिटांची असते आणि तिची सुरुवात गावाच्या अनुभवापासून होते. लोकांनी भगताकडून बरी झालेली माणसे खरोखर पाहिली आहेत. ते नाकारले की पुढचे कुणी ऐकत नाही. सुरुवात साधारण अशी असावी:

‘देवळात नेलेला माणूस उठून घरी गेला, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तो का वाचला, एवढंच आज बोलू.’

मग कारण सांगावे. धामण, दिवड, तस्कर यांना विष नसते आणि चावणाऱ्या सापांत असे साप बरेच असतात. नाग किंवा घोणसही कधी कधी दात लावते, पण विष सोडत नाही. अशी सगळी माणसे काहीही केले तरी वाचणार, आणि श्रेय जवळ असलेल्याला मिळते. हा मुद्दा सावकाश मांडावा, कारण तो भगताला लबाड ठरवत नाही. बहुतेक भगतांचा स्वतःवर प्रामाणिक विश्वास असतो.

यानंतर वळण येते: ‘पण चावला तो धामण होता की मण्यार, हे रात्रीच्या अंधारात कोण सांगणार?’ मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत जवळजवळ नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात. गावात अशी एखादी घटना झालेली असते आणि ‘झोपेत गेला’ म्हणून ती विसरलेली असते. इथे एक-दोन माणसे एकमेकांकडे पाहतात. त्यांना विचार करायला तेवढा वेळ द्यावा, बोलून भरू नये.

पुराव्यासाठी आकडे नकोत, एक रिकामी काचेची नळी खिशात असावी. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही. डॉक्टर अशा स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन-तीन मिलीलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात, मग तिरकी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे. नळी हातोहात फिरवावी. ‘दवाखान्यात गेलं की सरसकट इंजेक्शन टोचतात’ हा समज इथे गळतो, कारण डॉक्टरही आधी विष आहे का ते पाहतो आणि लक्षणे नसतील तर चोवीस तास नजरेखाली ठेवतो. मात्र नाग आणि मण्यार यांच्या विषाला ही परीक्षा लागू नाही, तिथे पापण्या, गिळणे आणि श्वास पाहतात, हेही सांगून टाकावे. साशंक माणूस नेमकी तीच फट शोधतो.

मागणी शेवटी आणि लहान. अनुकूल गावात ‘भगताकडे जाऊ नका’ म्हणता येते. इथे म्हणावे: ‘गाडी आधी. बाकी जे करायचं ते गाडीत.’ मंत्र गाडीत म्हटला तर रुग्णाचे काही बिघडत नाही. देवळात थांबण्यात गेलेला तास मात्र परत मिळत नाही. काही कार्यकर्त्यांना ही माघार वाटते. आम्हाला वाटत नाही, पण तिची हद्द पक्की असावी: काढा पाजणे, चिरा देणे, आवळून बांधणे गाडीतही नाही. उलटी छातीत जाते, न गोठणारे रक्त चिरेतून थांबत नाही.

छपाई आणि सराव

दोन्ही प्रती पूर्ण लिहाव्यात. एकाच प्रतीच्या समासात ‘साशंक असल्यास हे वगळा’ अशा खुणा करू नयेत. माइकसमोर डोळा चुकतो आणि भलत्या गावात भलते वाक्य जाते. अनुकूल गावाची पांढऱ्या कागदावर, साशंक गावाची पिवळ्यावर, मोठ्या अक्षरात आणि एका बाजूला छापावी. समान मजकूर दोन्हींत पुन्हा छापावा. सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणून बारा मिनिटांची प्रत तेराशे शब्दांवर जाऊ देऊ नये. सराव पिवळ्या प्रतीचा जास्त करावा. तिच्यातली कबुली पाठ नसेल तर ती अजिजीसारखी ऐकू येते.

कोणती वाचायची

आदल्या दिवशी आशाताईंना किंवा शिक्षकांना फोन करून एकच गोष्ट विचारावी: गावात शेवटी साप कुणाला चावला, आधी कुठे नेले आणि पुढे काय झाले? भगताकडे वाचला किंवा दवाखान्यात दगावला असेल, तर पिवळी. दवाखान्यातला मृत्यू हे साशंकतेचे सर्वांत मोठे कारण असते. बहुधा उशीर झालेला असतो, पण लोकांच्या लक्षात राहते ते ‘सुई दिली आणि गेला’.

गावात हात वर करायला सांगून अंदाज घेऊ नये. सरपंचांच्या देखत सगळे हात दवाखान्याच्या बाजूने उठतात. त्याऐवजी दोन्ही प्रतींचे पहिले मिनिट सारखेच ठेवावे, आणि ते प्रश्नाचे असावे: ‘राम राम. अलीकडे गावात साप कुणाला चावला होता? त्याला आधी कुठं नेलं?’ उत्तर कोण देतो आणि बाकीचे काय करतात ते पाहावे. ‘दवाखान्यात’ हे उत्तर आले, पण मागे कुजबुज झाली किंवा कुणी हसले, तर ते उत्तर तुमच्यासाठी दिलेले आहे. तेव्हा पिवळी काढावी.

शंका उरली तरी पिवळीच. अनुकूल गाव पिवळी प्रत ऐकून थोडे कंटाळेल, पण नळी पाहून जाईल. साशंक गाव पांढरी ऐकून पाच मिनिटांत उठेल. अर्ध्यावरून बदल करायचा तर तो पांढरीवरून पिवळीवर, आणि हाताने करण्याचा भाग संपल्यावरच. उलटा बदल जमत नाही. एकदा अनुभव मान्य करून मग हुकूम सोडला की आधीची कबुली ढोंग ठरते.

प्रश्नांच्या उत्तरांचा कागद मात्र दोन्हींना एकच. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे, ही माहिती या कागदावर असावी. पांढऱ्या प्रतीत ती भाषणातही चालते. पिवळीत कुणी विचारले तरच, सरळ आणि एका वाक्यात सांगावी, कारण भाषणात घातली की ती धमकी वाटते.

भगत स्वतः समोर बसले असतील तर पिवळी प्रत एका वाक्याने वाढते. समान मजकूर संपल्यावर त्यांच्याकडे वळून विचारावे: ‘बुवा, रात्री लोक तुमच्याकडंच पहिल्यांदा येतात. गाडीवाल्याचा नंबर तुमच्याजवळ ठेवाल का?’ नंबर आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असावा, 108 च्या खाली.