पन्नाशीनंतर शंभर मीटर: जोराचे दिवस किती अंतराने ठेवावेत

मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा एक गट असतो. त्यामुळे पन्नाशीतला माणूस पन्नाशीतल्याच माणसांशी धावतो. आमच्या तालुक्यातून दरवर्षी काही जण जिल्ह्याला आणि राज्याला जातात, आणि बहुतेकांना दोनपैकी एक सल्ला मिळालेला असतो. एक म्हणजे "वय झालं, आता हळूहळू लांब पळा." दुसरा म्हणजे "पोरांसोबत रोज पळा, आपोआप वेग येतो." शंभर मीटर धावायचं असेल तर दोन्ही चूक आहेत.

वयानुसार नेमकं काय कमी होतं ते आधी समजून घ्या. स्नायूंमधले झटक्याने आकसणारे तंतू बारीक होत जातात, तर सावकाश काम करणारे बरेचसे टिकतात. म्हणून ताकदीपेक्षा झटका लवकर उतरतो. धावताना पावलं पडण्याची गती फारशी घटत नाही. पाऊल आखूड होतं आणि पाय जमिनीवर थोडा जास्त वेळ टेकून राहतो. रोज सकाळी पाच किलोमीटर सावकाश पळून यातलं काहीच सुधारत नाही, कारण त्या पळण्यात झटक्याच्या तंतूंना कामच मिळत नाही. पूर्ण जोरात धावणं सोडायचं नाही. कमी करायचे ते जोराचे दिवस.

सुरुवात

बीपी आणि ईसीजी तपासून घ्या. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते, तेव्हा घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर सराव ठरवू नका. मैदान मुरमाचं निवडा. काळ्या मातीचं वावर पावसात चिकटतं, उन्हाळ्यात भेगाळतं, आणि डांबरी रस्ता पोटरीला सोसत नाही. स्पाइक्स शेवटच्या तीन आठवड्यांतच घाला. त्यात टाच खाली राहते आणि सगळा ताण टाचेमागच्या शिरेवर येतो. स्टार्टिंग ब्लॉकची चिंता नको. मास्टर्समध्ये उभ्यानेही सुरुवात करता येते.

जोराचा दिवस

पंचवीस मिनिटं अंग गरम करा. मग ६० मीटर चार वेळा, प्रत्येक वेळी पूर्ण जोरात, आणि मध्ये सहा मिनिटं निवांत चालणं. सहा म्हणजे सहा. घाम वाळला, आता निघू, असं करायचं नाही. वेळ नेहमीपेक्षा तीन दशांश सेकंदांनी घसरली की त्या दिवसाचं काम संपलं, मग दोनच फेऱ्या झाल्या असल्या तरी. हाताच्या घड्याळात एक-दोन दशांशांचा फरक तसाही पडतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

त्याच दिवशी संध्याकाळी ताकदीचा व्यायाम करा. रेतीचं पोतं छातीशी धरून बैठका, आणि पायरीच्या कडेवर एका पायाने टाच सावकाश वर-खाली. वजन असं घ्या की आठवी बैठक कठीण जावी.

मधले दिवस

अडतात ते इथेच. मलाही या टप्प्याने सगळ्यात जास्त झुंजवलं आहे.

जोराच्या दोन दिवसांमध्ये पन्नाशीनंतर किमान ७२ तास हवेत. म्हणजे सोमवार आणि गुरुवार, बस. अंगदुखी दोन दिवसांत जाते आणि माणूस समजतो की तयार झालो. पण स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या शिरा स्नायूंपेक्षा सावकाश सावरतात, आणि वयानुसार आणखी सावकाश. त्या दुखून सांगत नाहीत. त्या सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या दहा पावलांत सांगतात. टाचेमागे नेहमीपेक्षा जास्त ताठरपणा वाटला तर त्या दिवशी जोर नाही. "चाललं की मोकळं होतं" हे खरं आहे, पण मोकळं होणं म्हणजे बरं होणं नव्हे.

म्हणूनच ताकदीचा व्यायाम मधल्या दिवशी न ठेवता जोराच्याच संध्याकाळी ठेवायचा. नाहीतर कागदावर सुट्टी दिसते आणि पायांना एकही मिळत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी शहरातल्या वेळापत्रकात कधीच नसते. मोर्शीकडच्या एका ५४ वर्षांच्या शेतकऱ्याचं उदाहरण सांगतो. दिवाळीनंतर तो पोलीस भरतीच्या पोरांसोबत आठवड्यातून चार दिवस धावायचा. पोरांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा काढायचा असतो, त्यांचं वय विशीचं, त्यांना ते झेपतं. याची ६० मीटरची वेळ ८.९ वरून तीन आठवड्यांत ९.३ वर गेली. मी दिवस दोनवर आणले, तरी वेळ सुधरेना. तेव्हा विचारलं, "भाऊ, काल काय केलं?"

"काल तं काहीच नाही केलं, काका. तुरीवर दहा पंप मारले फक्त."

भरलेला १६ लिटरचा पंप वीस किलोच्या आसपास जातो. तो पाठीवर घेऊन ढेकळांतून दिवसभर चालणं हा ताकदीचाच व्यायाम आहे, तोही सगळा पोटरीवर. आम्ही फवारणीचा दिवस ताकदीचा दिवस म्हणून धरला. त्यानंतर किमान दोन रात्री गेल्याशिवाय जोरात धावायचं नाही, मग सोमवारचा बुधवार झाला तरी चालेल. डवरणी आणि पोती उचलणं यांनाही तोच नियम लावला. कापूस वेचणीने कंबर आणि मांडीची मागची बाजू आखडते, म्हणून तिच्या दुसऱ्या दिवशी धावणं बंद. सहा आठवड्यांत वेळ ८.७ झाली. सराव त्याने पूर्वीच्या निम्माच केला होता.

शंका असेल तर अंग गरम झाल्यावर जागेवरून तीन लांब उड्या मारा आणि सर्वांत लांब उडी मोजा. नेहमीच्या उडीपेक्षा वीतभर कमी भरली तर झटका परतलेला नाही. चालून घरी जा. मन काहीही म्हणो, उडी खोटं बोलत नाही.

एक इशारा. जुलाब किंवा तापासाठी मेडिकलमधून ऑफ्लोक्सासिन, सिप्रोफ्लोक्सासिन, लेवोफ्लोक्सासिन अशा गोळ्या घेतल्या जातात. या गटातल्या औषधांनी टाचेची शीर तुटण्याचा धोका वाढतो, साठीनंतर जास्तच, आणि तो गोळ्या संपल्यावरही काही काळ राहतो. डॉक्टरांना आपण धावतो हे सांगा आणि दुसरं औषध चालेल का विचारा. धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि नंतर चवड्यावर उभं राहता येईना, तर मालिश नको. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा.

जेवण

वयस्क स्नायूंना एका वेळी जास्त प्रथिनं लागतात, किलोमागे साधारण ०.४ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला म्हणजे दर जेवणाला २४ ग्रॅम. भाकरी आणि पातळ वरणात ती भरत नाहीत. पन्नास ग्रॅम कोरडी सोयाबीन वडी शिजवून घेतली की तेवढी एकट्या वडीतूनच मिळतात. रात्रीच्या जेवणात ती नक्की ठेवा.

स्पर्धेचा आठवडा

शेवटचा जोराचा सराव पाच दिवस आधी, आणि त्यातही फेऱ्या दोनच. त्या आठवड्यात फवारणी दुसऱ्या कुणाला तरी सांगा. रात्रभर गाडीत बसून जायचं असेल तर एक दिवस आधी पोहोचा आणि संध्याकाळी अर्धा तास चाला. शंभर आणि दोनशे लागोपाठच्या दिवशी असतील, तर ज्यात पदकाची आशा जास्त तीच एक धावा.